हिमोफिलियाच्या रुग्णाची दाढ काढायची आहे: फॅक्टर, टाके आणि नंतरचे सात दिवस

हिमोफिलियाच्या रुग्णाची दाढ काढली, तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच होत नाही. रक्त गोठवणारा फॅक्टर दिलेला असतो, टाके घातलेले असतात, गॉज काढून पाहिलं तर जागा कोरडी दिसते. रक्त सुरू होतं ते तिसऱ्या-चौथ्या रात्री, कधी आठव्या दिवशीही. तोपर्यंत सगळ्यांना वाटलेलं असतं की सुटलो.

असं का होतं हे कळलं की पुढची सगळी तयारी आपोआप समजते. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या माणसाला दिलेला फॅक्टर ८ रक्तात फार टिकत नाही. साधारण ८ ते १२ तासांत त्याची पातळी निम्मी होते. सकाळी ५० टक्के असलेली पातळी रात्री २५ च्या आसपास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १२-१३ वर येते. हिरडीची जखम मात्र भरायला आठवडा-दहा दिवस घेते. त्यात तोंडातल्या लाळेत रक्ताची गुठळी विरघळवणारे घटक असतात, आणि हिमोफिलियातली गुठळी मुळातच कच्ची, सैल विणीची असते. म्हणजे फॅक्टर पहिला दिवस सांभाळतो, आणि उरलेले सहा-सात दिवस टाके, सॉकेटमधलं म्हणजे दाढेच्या रिकाम्या खड्ड्यातलं भरण आणि गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड यांनी सांभाळायचे असतात. ज्या ठिकाणी फक्त फॅक्टरवर भरवसा ठेवला जातो, तिथेच तिसऱ्या रात्रीची धावपळ होते.

हा लेख दोघांसाठी आहे: हिमोफिलियाचा पहिलाच रुग्ण समोर आलेल्या दंतवैद्यासाठी, आणि दाढ दुखत असूनही भीतीने दवाखान्यात न गेलेल्या रुग्णासाठी व त्याच्या घरच्यांसाठी. डोस ठरवणं हे रक्ततज्ज्ञाचं किंवा हिमोफिलिया केंद्रातल्या फिजिशियनचं काम आहे. इथले आकडे त्यांच्याशी बोलताना समजावं म्हणून दिले आहेत.

फॅक्टर कशाला लागतो, कशाला नाही

दातांच्या प्रत्येक कामाला फॅक्टर लागतो हा समज रुग्णांचं फार नुकसान करतो. फॅक्टर मिळेपर्यंत थांबायचं म्हणून दाताची कीड वाढत जाते, आणि जे काम एका साध्या भरणात संपलं असतं ते दाढ काढण्यावर येतं.

दात भरणं, रबर डॅम म्हणजे दाताभोवती रबराचा पडदा लावून केलेलं रूट कॅनाल, हिरडीच्या वरचा दगड साफ करणं ही कामं बहुतेक वेळा फॅक्टरशिवाय होतात. हिरडीत दाताच्या शेजारी हळू दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनलाही तो सहसा लागत नाही. रूट कॅनाल करताना फाइल मुळाच्या टोकाबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढी काळजी मात्र हवी. रबर डॅमचा फायदा असा की जिभेला, गालाला ड्रिलचा धक्का लागत नाही. लाळ ओढणाऱ्या नळीकडेही लक्ष ठेवा. ती जिभेखालच्या मऊ त्वचेला चिकटून बसली तर तिथे रक्त साकळून निळा फुगा येतो. नळीच्या टोकाशी गॉजचा तुकडा ठेवला की हे टळतं.

फॅक्टर हवाच असतो तो दात काढताना, हिरडीच्या खाली खोल सफाई करताना, हिरडीची कोणतीही शस्त्रक्रिया करताना, आणि खालच्या जबड्याला बधिर करणारा नर्व्ह ब्लॉक देताना. शेवटची गोष्ट नवशिक्या दंतवैद्याच्या सर्वात आधी लक्षात राहायला हवी. ब्लॉकची सुई जबड्याच्या मागच्या खोल पोकळीत जाते. तिथे रक्तवाहिनी टोचली गेली तर रक्त बाहेर दिसत नाही, ते आतल्या आत घशाच्या बाजूला पसरतं आणि श्वासाची वाट दाबू शकतं. दाढ न काढता नुसता ब्लॉक देऊनही माणूस आयसीयूत जाऊ शकतो. जिभेच्या बाजूने दिलेल्या इंजेक्शनलाही हेच लागू आहे. म्हणून खालच्या दाढेच्या भरणासाठी शक्य तिथे ४ टक्के आर्टिकेन हे भुलीचं औषध गालाच्या बाजूने हिरडीत द्यावं. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं आणि ब्लॉकची गरजच पडत नाही.

दोन डॉक्टरांमधलं पत्र

रुग्णाकडून ‘त्यांनी फिट आहे म्हणून सांगितलंय’ असा निरोप आला तर तो पुरेसा नाही. लेखी पत्र हवं, आणि पहिलं पत्र दंतवैद्याने लिहायचं असतं. फिजिशियनला तुमचं काम किती मोठं आहे हे माहीत नसतं. ‘दात काढणे’ एवढंच लिहिलं तर तो हलणारा पुढचा दात धरेल की हाडात अडकलेली अक्कलदाढ, हे तुम्ही सांगू शकत नाही. म्हणून कोणता दात, मुळं किती आणि कशी, हाड कापावं लागेल का, ब्लॉक लागेल का, एका वेळी किती दात, आणि तारीख व वेळ हे सगळं लिहा. एक्स-रेची प्रत जोडा.

उत्तरात तुम्हाला या गोष्टी हव्यात: हिमोफिलिया ए की बी, मूळ पातळी किती, शेवटची इनहिबिटर तपासणी कधी झाली आणि तिचं उत्तर काय, रुग्णाचं आजचं वजन, कोणता फॅक्टर किती युनिट आणि दाढ काढण्याच्या किती आधी, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा डोस, आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर.

इनहिबिटर म्हणजे बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. ती असतील तर दिलेला फॅक्टर निकामी होतो आणि सगळं गणित कोलमडतं. दोन वर्षांपूर्वीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन दाढ काढू नका. मधल्या काळात फॅक्टरचे डोस झाले असतील तर तपासणी पुन्हा करून घ्या. महाराष्ट्रात ही तपासणी मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या आयसीएमआरच्या इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत होते. रिपोर्टला वेळ लागतो, तो धरूनच तारीख ठरवा.

आपल्याकडे दात काढण्याआधी बीटी-सीटी, म्हणजे रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, करून घ्यायची जुनी सवय आहे. हिमोफिलियाच्या बाबतीत तिचा उपयोग नाही. रक्त थांबण्याची पहिली पायरी प्लेटलेटची असते आणि ती या आजारात नीट असते, म्हणून बीटी नॉर्मल येतं. सौम्य हिमोफिलियात सीटीसुद्धा नॉर्मल येतं. आईच्या भावाला, मावसभावाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, लहानपणी सुंता किंवा दात पडताना किती दिवस रक्त गेलं, हे विचारल्याने जास्त कळतं. संशय वाटला तर एपीटीटी ही रक्त गोठण्याची तपासणी करा. तेही सौम्य प्रकारात कधी नॉर्मल येतं, म्हणून इतिहास बोलका असेल तर थेट फॅक्टरची पातळीच मोजून घ्यावी.

एक उदाहरण आकड्यांसकट

समजा, २४ वर्षांचा तरुण, वजन ६० किलो, तीव्र हिमोफिलिया ए, मूळ पातळी १ टक्क्याहून कमी, इनहिबिटर नाही. खालची डावी पहिली दाढ किडून फक्त दोन मुळं उरली आहेत, महिन्यातून दोनदा सूज येते.

आधी सूज उतरू द्या. पू आणि सूज असताना भूल नीट चढत नाही, आणि संसर्ग झालेल्या सॉकेटमधली गुठळी लवकर विरघळते. तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक आणि वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्या. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देऊ नका. ‘दाढ दुखतेय’ म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाला पुढे दाढेपेक्षा कमरेच्या स्नायूतलं रक्त जास्त छळतं.

पातळी ५० टक्क्यांपर्यंत न्यायची असं फिजिशियनने ठरवलं आहे. फॅक्टर ८ चं गणित सोपं आहे: वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ युनिट दिलं की पातळी सुमारे २ टक्क्यांनी चढते. म्हणून ६० × ५० × ०.५ = १५०० युनिट. एक १००० ची आणि एक ५०० ची बाटली. हाच रुग्ण हिमोफिलिया बी चा असता, तर फॅक्टर ९ किलोमागे १ युनिटने साधारण १ टक्काच चढतो, म्हणून ३००० युनिट लागले असते. ए आणि बी ची गल्लत झाली तर निम्मा डोस जातो. बाटलीवरचं नाव दोघांनी वाचावं, देणाऱ्या सिस्टरने आणि घेणाऱ्या रुग्णाने.

याशिवाय आणखी १००० युनिट फ्रीजमध्ये राखून ठेवायला सांगा. रात्री रक्त आलंच तर तेवढ्याने याच रुग्णाची पातळी ३३ टक्क्यांनी वर नेता येते. जिथे फॅक्टर सरकारी रुग्णालयातून मोफत मिळतो, तिथेही साठा कधी संपतो. तारीख ठरवायच्या आधी बाटल्या प्रत्यक्ष आहेत का ते विचारा.

रुग्ण नियमित प्रतिबंधक डोस घेत असेल, तर दाढ त्याच्या डोसच्याच दिवशी ठेवा. वरचा थोडा जादा डोस देऊन काम होतं आणि फॅक्टर वाचतो. तोंडात इतरही काही काढायचं असेल, तर ते शक्यतो त्याच कव्हरमध्ये, म्हणजे त्याच फॅक्टरचा अंमल असताना, उरकावं. मात्र एकाच बाजूचे एक-दोन दात, दोन्ही बाजू एकदम नाहीत. रुग्णाला एक बाजू तरी जेवायला हवी.

त्या दिवशी

वार सोमवार किंवा मंगळवार, वेळ सकाळची. त्यामुळे रक्त येण्याची शक्यता असलेले पहिले तीन-चार दिवस कामाच्या वारी येतात, आणि संध्याकाळी काही झालं तरी अजून उजेडातच लक्षात येतं. शुक्रवारी दुपारी हिमोफिलियाच्या रुग्णाची दाढ काढणं हा निव्वळ जुगार आहे.

सर्वात जास्त घोळ होतो तो अंतराचा. फॅक्टर सिव्हिल हॉस्पिटलात सकाळी ९ ला दिला, रुग्ण एसटीने तालुक्याच्या गावी आला, दवाखान्यात गर्दी होती, दाढ दुपारी ३ ला निघाली. तोवर पातळी तिशीत आलेली असते, आणि ५० चं गणित कागदावरच राहतं. फॅक्टर दिल्यावर १५ ते ३० मिनिटांत काम सुरू व्हायला हवं. म्हणून फॅक्टर आणि दाढ एकाच इमारतीत होईल असं बघा. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो, आणि नाशिक, सातारा, अमरावतीसारख्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयातच हिमोफिलियाची डे-केअर सोय आहे. खासगी दंतवैद्याला हे काम स्वतः करायचं असेल तर केंद्राशी बोलून तिथे जाऊन करता येतं का, हे विचारायला हरकत नाही.

फॅक्टरची पावडर पाण्यात मिसळताना बाटली तळहातांमध्ये हलके फिरवायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. शिरेतून हळू, काही मिनिटं घेऊन द्यायचा. शिरेची सुई काढल्यावर त्या जागी पाच मिनिटं दाबून धरायचं.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दाढ काढण्याच्या साधारण दोन तास आधी सुरू होतं, म्हणजे रुग्ण घरून निघतानाच पहिला डोस घेतो. मोठ्यांना एका वेळी किलोमागे १५ ते २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. आपल्या ६० किलोच्या रुग्णाला १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या. सात दिवसांच्या ४२ गोळ्या झाल्या. त्या आधीच आणून ठेवा. इथे एक सापळा आहे, तो औषधाच्या दुकानातला. बाजारात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि मेफेनॅमिक ॲसिड एकत्र असलेल्या गोळ्या सहज मिळतात. त्या पाळीच्या त्रासासाठी असतात, आणि नाव जवळपास सारखंच असल्याने दुकानदार त्या पुढे करतो. मेफेनॅमिक ॲसिड प्लेटलेटचं काम बिघडवतं, म्हणजे एका हाताने रक्त थांबवायचं आणि दुसऱ्या हाताने सुरू करायचं. पाकिटाच्या मागचा मजकूर वाचा: फक्त ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हवं.

लघवीतून रक्त जात असेल तर हे औषध देऊ नये, मूत्रमार्गात गुठळ्या अडकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. हे दोन प्रश्न फिजिशियनच्या पत्रात विचारलेले असावेत.

सॉकेटमध्ये काय करायचं

पातळी चढलेली आहे, त्यामुळे आज ब्लॉक देता येतो. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना पाहा आणि औषध हळू सोडा.

दाढ घाईने उपटायची नाही. मुळं वेगळी कापून एकेक काढली की हाड आणि हिरडी कमी फाटते. दाढ निघाल्यावर तळाशी राहिलेलं लालसर, लिबलिबीत दाणेदार मांस क्युरेटने पूर्ण खरवडून काढा. हीच पायरी घाईत राहून जाते. त्या मांसात नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, आणि ते आत राहिलं तर फॅक्टर चढलेला असूनही झिरप चालू राहते. हाडाचा टोकदार काठ राहिला असेल तर तोही घासून घ्या, जीभ तिथे पुन्हा पुन्हा लागते.

मग बोटांनी सॉकेटच्या दोन्ही भिंती दाबून जवळ आणा. तळाशी ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी किंवा जिलेटिनचा स्पंज ठेवा. सॉकेट काठोकाठ ठासून भरायचं नाही. भरण फुगतं, टाके ताणतात आणि हिरडीचे काठ एकमेकांपासून दूर जातात. साधारण दोन तृतीयांश पुरे. वरून आठच्या आकड्याचा किंवा मॅट्रेस टाका घाला, आपोआप विरघळणाऱ्या धाग्याचा. रेशमी धागा घातला तर तो काढायला बोलवावं लागतं, आणि काढताना पुन्हा रक्त येऊ शकतं. काही दंतवैद्य टाक्याचं टोचणं नको म्हणून सॉकेट उघडंच ठेवतात. कव्हर चालू असताना ही काटकसर चुकीची आहे: सुईची भोकं पहिल्या काही तासांत बंद होतात, पण उघडं सॉकेट आठवडाभर लाळेत राहतं. फायब्रिन ग्लू उपलब्ध असेल तर तो भरणावर वापरता येतो. तो महाग आहे आणि त्याच्याविनाही काम होतं.

वर ठेवायचं गॉज कोरडं नको. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या इंजेक्शनची ५ मिलीची अँप्यूल येते, तिच्यात ५०० मिलिग्रॅम असतं. तेवढंच सलाइन मिसळलं की ५ टक्क्यांचं द्रावण होतं. त्यात गॉज भिजवा आणि अर्धा तास घट्ट चावून धरायला सांगा. पाच-पाच मिनिटांनी गॉज उचलून ‘थांबलं का’ पाहू नका, प्रत्येक वेळी गुठळी उचकटते.

रुग्णाला दोन तास तरी समोर बसवून ठेवा. भुलीतल्या ॲड्रेनॅलिनने आकसलेल्या रक्तवाहिन्या तिचा अंमल उतरल्यावर सैल होतात, आणि खरा प्रकार तेव्हा कळतो. दोन तासांनी जागा कोरडी असेल तर घरी पाठवा. भरपूर मुळं असलेल्या किंवा हाड कापून काढलेल्या दाढेला दुसऱ्या दिवशीही फॅक्टर द्यायचा का, हे फिजिशियनशी आधीच ठरलेलं असावं.

घरचे सात दिवस

पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. तोंडात आलेली लाळ गिळावी किंवा ओठांवरून पुसून घ्यावी. गुलाबी लाळ म्हणजे रक्तस्राव नव्हे, रक्ताचे दोन थेंब पेलाभर लाळ रंगवतात.

गरम चहा दोन दिवस बंद. कोमट किंवा गार मऊ भात, पेज, दही, कुस्करलेलं केळं, गार केलेली मुगाची खिचडी चालते. भाकरी, चिवडा, शेंगदाणे, पापड आठवडाभर नको. झोपताना दोन उशा घ्याव्यात.

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं पाणी तोंडात धरायला सुरुवात करावी. ५०० ची एक गोळी बारीक कुटून १० मिली पाण्यात ढवळली की ५ टक्क्यांचं पाणी होतं. गोळी पूर्ण विरघळत नाही, गाळ राहतो, त्याने काही बिघडत नाही. दाढेच्या बाजूला मान कलवून दोन मिनिटं नुसतं धरून ठेवायचं, खळखळायचं नाही, मग अलगद सोडून द्यायचं. दिवसातून चार वेळा, आणि त्यानंतर अर्धा तास खाणंपिणं नको. पोटातल्या गोळ्या चालूच ठेवायच्या. ‘रक्त नाही, मग औषध कशाला’ म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करणं हे उशिरा येणाऱ्या रक्ताचं सर्वात नेहमीचं कारण आहे.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, मोठ्यांना ६५० मिलिग्रॅम सहा-सहा तासांनी. हिपॅटायटिसमुळे यकृत अशक्त असेल तर कमाल मात्रा डॉक्टरांना विचारावी. ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक यांपैकी काही नको. दुकानात ‘दाढेची गोळी’ मागितली तर बहुधा पॅरासिटामॉलबरोबर ॲसिक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन असलेली जोडगोळीच हातात येते.

तंबाखू, गुटखा आणि मशेरी सॉकेट भरेपर्यंत पूर्ण बंद. मशेरी लावणाऱ्या घरांत हे स्पष्ट सांगावं लागतं. ‘तंबाखू खात नाही’ असं म्हणणारा माणूस रोज सकाळी बोटाने मशेरी घासत असतो आणि त्याला ती तंबाखूत मोजत नाही. त्या बोटाने टाका सुटतो.

ब्रश दुसऱ्या दिवसापासून करावा, मऊ केसांचा, टाक्याची जागा सोडून.

रक्त आलं तर

आधी शांत बसून तोंडात गॉज ठेवा, ट्रॅनेक्झॅमिकच्या पाण्यात भिजवलेला, आणि २० मिनिटं घट्ट चावा. घड्याळ लावून. थांबलं तर दंतवैद्याला फोन करून सांगा, संपलं. नाही थांबलं तर केंद्राला फोन आणि राखलेला फॅक्टर. निघायला उशीर करू नका. रात्रभर रक्त गिळत राहिलेला माणूस सकाळी उलट्या आणि काळी शौच घेऊन येतो, आणि तोपर्यंत त्याचं हिमोग्लोबिन खाली गेलेलं असतं.

गुठळी कशी दिसते ते पाहायला शिका. चांगली गुठळी सॉकेटच्या आत, हिरडीच्या पातळीला, घट्ट बसलेली असते. वाईट गुठळी काळसर-तांबडी, जेलीसारखी थुलथुलीत, टाक्यांतून बाहेर लोंबणारी असते, आणि तिच्या कडेने रक्त झिरपत राहतं. पाहणाऱ्याला वाटतं की गुठळी झाली म्हणजे रक्त थांबलं. प्रत्यक्षात ती खालचं रक्त अडवत नाही आणि जखमेच्या कडा जवळही येऊ देत नाही. घरी ती ओढून काढू नका. दवाखान्यात आधी फॅक्टर, मग सक्शनने ती सगळी काढून टाकायची, जागा धुवायची, नवीन जाळी, नवे टाके, पुन्हा अर्धा तास गॉज. तिच्यावरच गॉज दाबत बसलात तर उद्या तेच.

फॅक्टर गणिताप्रमाणे, वेळेवर दिला आहे, खरवडून टाके नीट घातले आहेत, तरी रक्त थांबत नाही, तर इनहिबिटरचा संशय घ्या आणि पातळी व इनहिबिटर दोन्ही मोजायला पाठवा. नुसते डोस वाढवत जाऊ नका.

जिभेखाली किंवा हनुवटीच्या खाली सूज, गिळताना त्रास, आवाज बदललेला, तोंड उघडत नाही, श्वास अडतो: यांपैकी काहीही दिसलं, तोंडातून रक्ताचा थेंबही येत नसला, तरी ही आणीबाणी आहे. रुग्णाला बसवूनच न्या, आडवं करू नका. फॅक्टर आधी, सीटी स्कॅन नंतर. अशा वेळी पातळी ८० ते १०० टक्क्यांवर न्यावी लागते, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या रुग्णाला २४०० ते ३००० युनिट. केस पेपर निघेपर्यंत थांबवलं जात असेल तर रुग्णाने स्वतःचं हिमोफिलियाचं कार्ड पुढे करून फॅक्टर मागावा.

ज्यांचं गणित वेगळं आहे

सौम्य हिमोफिलिया ए मध्ये काही रुग्णांना डेस्मोप्रेसिनवर भागतं. ते शरीरातच साठलेला फॅक्टर ८ रक्तात सोडायला लावतं. किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम शिरेतून, आणि तासाभरात पातळी चढते. पण प्रत्येकाचं शरीर सारखा प्रतिसाद देत नाही, म्हणून दाढेच्या आधी एकदा चाचणी डोस देऊन पातळी मोजलेली असावी. त्या दिवशी पाणी बेताने प्यायचं, कारण हे औषध लघवी कमी करून रक्तातलं सोडियम उतरवतं. हिमोफिलिया बी मध्ये त्याचा उपयोग नाही.

इनहिबिटर असलेल्यांची दाढ फक्त हिमोफिलिया केंद्र असलेल्या मोठ्या रुग्णालयातच काढावी. तिथे फॅक्टर ७ ए किंवा एपीसीसी अशी पर्यायी औषधं लागतात. एपीसीसी आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एकत्र देताना नको तिथे गुठळी होण्याचा धोका असतो, हा निर्णय रक्ततज्ज्ञाचाच.

फॅक्टर ८ ची जागा भरून काढणाऱ्या एमिसिझुमॅबचं इंजेक्शन घेणारे रुग्ण आता वाढत आहेत. त्यांच्या बाबतीत एपीटीटीवर अजिबात विसंबू नका. या औषधाने ते नॉर्मल येतं, आणि नवखा डॉक्टर म्हणतो की आता याला हिमोफिलिया नाही. नेहमीची फॅक्टर ८ तपासणीही खोटी वाढलेली दिसते, त्यासाठी वेगळ्या पद्धतीची चाचणी लागते. साधी दाढ असेल तर पुष्कळांचं काम ट्रॅनेक्झॅमिक आणि वर सांगितलेल्या सॉकेटच्या उपायांवर होतं, काहींना एखादा फॅक्टर डोस लागतो. एपीसीसी या औषधाबरोबर शक्यतो देत नाहीत, लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याची उदाहरणं आहेत.

लहान मुलांचे दुधाचे दात मात्र बहुधा आपोआप पडू द्यावेत. थोडं रक्त येतं, ट्रॅनेक्झॅमिकचा भिजवलेला गॉज दहा-पंधरा मिनिटं पुरतो. दात आठवडाभर अर्धवट लटकत राहून हिरडी रोज झिरपत असेल, तर तो कव्हर देऊन काढलेला बरा.

दाढ काढल्यानंतरची भेट

सातव्या ते दहाव्या दिवशी रुग्णाला परत बोलवा, रक्त आलेलं नसलं तरी. सॉकेटवर गुलाबी कातडी चढली आहे का पाहा, उरलेला धागा असेल तर तो आता सुटा झालेला असतो. याच भेटीत बाकीचे दात तपासून भरणाच्या तारखा द्या, कारण त्या कामांना फॅक्टरची वाट पाहावी लागत नाही. ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रशच बंद केलेला असेल, तर ते रक्त हिमोफिलियापेक्षा दगड आणि सुजलेल्या हिरडीमुळे येत असतं हे समजावून सांगा. हिरडीच्या वरचा दगड ट्रॅनेक्झॅमिकच्या कव्हरमध्ये, एका वेळी तोंडाचा चौथा भाग असा काढला की दोन आठवड्यांत ब्रशवर लाल रंग दिसेनासा होतो. रुग्णाला याआधी आयुष्यात फार थोड्या वेळा फॅक्टर दिलेला असेल, तर या डोसनंतर इनहिबिटरची तपासणी कधी करायची ती तारीख फिजिशियनला विचारून त्याच कागदावर लिहून द्या.